एकच नळ, एकच टेक: ५० सेकंदांची शॉर्ट

(कॅमेरा स्थिर. नळ, प्युरिफायर, दोन सारखे ग्लास, खाली बादली. शेवटपर्यंत कट नाही.)

"हे बोअरचं पाणी. दिसायला स्वच्छच आहे आणि मी त्यात काही मिसळणार नाही."

(मीटर बुडवा. आकडा जवळून: ६४०.)

"टीडीएस ६४०. म्हणजे लिटरमागे साधारण ६४० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. आता हेच पाणी आरओतून."

(धार पूर्ण दिसू द्या. मीटर धुऊन, पुसून दुसऱ्या ग्लासात: ७२.)

"७२. चव बदलते, भांड्यावर पांढरा थर कमी धरतो. पण हा मीटर जंतू मोजत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतच तपासणी करा.

काही विक्रेते विजेच्या दोन सळ्या घालून पाणी तपकिरी करून दाखवतात ना? तो रंग घाणीचा नाही, झिजणाऱ्या लोखंडी सळीचा. शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं, तरी तसंच होतं. म्हणून ते मी करत नाही."

(कॅमेरा बादलीवर.)

"एक ग्लास मिळवताना एवढं पाणी बाहेर गेलं, तेही बघा. तुमच्या नळाचा टीडीएस मुळातच १५० असेल, तर क्षारांसाठी आरओ घेऊ नका."