चाकणच्या कारखान्यातील भरती : जानेवारी २०२६

सोमवार, ५ जानेवारी २०२६, सकाळी ९ वाजता
पद क्रमांक गु-०३ : गुणवत्ता तपासनीस (सीएमएम), जागा २

चाकण एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात दुचाकींच्या ब्रेकसाठी लागणारे अ‍ॅल्युमिनियमचे सुटे भाग तयार होतात. या भागांची त्रिमितीय मोजणी करण्यासाठी सीएमएम यंत्रावर स्वतंत्रपणे काम करू शकणारे दोन तपासनीस आम्हाला हवे आहेत. मोजणीची खोली २० अंश सेल्सियसला राखलेली असते आणि मशिनिंगहून आलेला गरम जॉब त्या तापमानाला येईपर्यंत थांबावे लागते. डिस्पॅचची गाडी दारात उभी असताना उत्पादन विभागाकडून घाई होते, आणि तशा वेळीही न थंडावलेला जॉब यंत्रावर न घेणारी व्यक्ती आम्हाला हवी आहे. या निर्णयात गुणवत्ता विभागप्रमुख तुमच्या बाजूने उभे राहतील, ही हमी आम्ही येथे लेखी देत आहोत.

उमेदवाराने यांत्रिकी शाखेची पदविका घेतलेली असावी आणि त्याला किंवा तिला सीएमएमवर किमान दोन वर्षांचा अनुभव असावा. ड्रॉइंगवरील भूमितीय टॉलरन्सची चिन्हे वाचता येणे आवश्यक आहे, कारण पोझिशन आणि प्रोफाइल यांतील फरक समजला नाही, तर यंत्राने दिलेला बिनचूक आकडाही चुकीच्या निष्कर्षाला नेतो. आयएटीएफ १६९४९ प्रमाणे चालणाऱ्या कारखान्यात काम केले असल्यास प्राधान्य मिळेल. प्रोग्रॅम लिहिण्याचा अनुभव नसला तरी अर्ज जरूर करावा. ते आम्ही शिकवू.

वेतन अनुभवानुसार दरमहा ३२,००० ते ४०,००० रुपये असेल. भविष्य निर्वाह निधी, सामूहिक आरोग्य विमा, कारखान्याचे उपाहारगृह, तसेच निगडी, भोसरी आणि राजगुरुनगर येथून बस या सुविधा आहेत. काम दोन पाळ्यांत असून रात्रपाळी नाही. वेतनाचा आकडा न सांगता अर्ज मागवणे म्हणजे उमेदवाराचा वेळ वाया घालवणे होय, असे आम्ही मानतो. म्हणून आमच्या प्रत्येक पोस्टमध्ये तो दिलेला असतो.

अर्ज 'Easy Apply' या बटणाने रविवार, १८ जानेवारीपर्यंत करावा. मुलाखतीच्या दिवशी एक ड्रॉइंग आणि एक जॉब देऊन प्रत्यक्ष मोजणी करून घेतली जाईल. भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर आम्ही पैसे घेत नाही. कोणी आमच्या नावाने मागितल्यास ते देऊ नयेत आणि आम्हाला येथेच कळवावे.

बुधवार, ७ जानेवारी २०२६, सकाळी ९ वाजता
पद क्रमांक दे-०१ : देखभाल इलेक्ट्रिशियन, जागा २

सीएनसी यंत्रे आणि डाय कास्टिंगच्या प्रेसची विद्युत देखभाल करण्यासाठी आयटीआय इलेक्ट्रिशियन उत्तीर्ण आणि कारखान्यातील तीन वर्षांचा अनुभव असलेले दोघे जण हवे आहेत. पीएलसीचे इनपुट-आउटपुट तपासून दोष सेन्सरमध्ये आहे, वायरिंगमध्ये आहे की ड्राइव्हमध्ये, हे शोधता यायला हवे. काम तीन पाळ्यांत आहे आणि दर तिसऱ्या आठवड्याला रात्रपाळी येते; ही बाब रुजू झाल्यावर कळण्यापेक्षा आताच कळलेली बरी. वेतन दरमहा २६,००० ते ३१,००० रुपये असून रात्रपाळीचा भत्ता त्याव्यतिरिक्त मिळेल. मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप लावल्याशिवाय पॅनेल उघडायचे नाही, हा नियम यंत्र कितीही वेळ बंद राहिले तरी मोडला जात नाही. अर्जाची पद्धत आणि अंतिम तारीख गु-०३ प्रमाणेच आहे.

शुक्रवार, ९ जानेवारी २०२६, सकाळी ९ वाजता
पद क्रमांक शि-०२ : शिकाऊ उमेदवार (फिटर आणि मशिनिस्ट), जागा ६

आयटीआयचा फिटर किंवा मशिनिस्ट अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या मुलामुलींना शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये एक वर्षाच्या प्रशिक्षणासाठी घेतले जाईल. विद्यावेतन दरमहा १२,००० रुपये असेल आणि जेवण व बस विनामूल्य मिळेल. प्रशिक्षण म्हणजे कायम नोकरीचे आश्वासन नव्हे, हे पालकांनीही ध्यानात घ्यावे. अर्जापूर्वी शासनाच्या apprenticeshipindia.gov.in या संकेतस्थळावर नोंदणी केलेली असावी, कारण करार तेथेच नोंदवला जातो.

शुक्रवार, १६ जानेवारी २०२६, सकाळी ९ वाजता
पद क्रमांक दे-०१ : जागांमध्ये बदल

देखभाल इलेक्ट्रिशियनच्या दोन जागांपैकी एक जागा आमच्याच कारखान्यातील सहकाऱ्याच्या अंतर्गत बदलीने काल भरली गेली असून भरतीच्या तक्त्यात आता एकच जागा शिल्लक आहे. ज्यांनी याआधी अर्ज केले आहेत, त्यांचे अर्ज उरलेल्या जागेसाठी ग्राह्य धरले जातील. पुन्हा अर्ज करण्याची गरज नाही. गु-०३ आणि शि-०२ यांच्या जागांत बदल झालेला नाही. तिन्ही पदांच्या मुलाखती २२ आणि २३ जानेवारीला कारखान्यात होतील आणि निवड न झालेल्या उमेदवारांनाही ३१ जानेवारीपर्यंत उत्तर पाठवले जाईल.