मध्यमा पूर्णच्या सराव वहीसाठी नोंद : तीनताल, एक तुकडा आणि घुंघट की गत

ही नोंद नाशिकच्या महाकवी कालिदास कलामंदिरात झालेल्या आपल्या वर्गाच्या कार्यक्रमातील एकल कथक प्रस्तुतीच्या व्हिडिओवरून केली आहे. व्हिडिओ प्रेक्षागृहाच्या मागच्या रांगेतून मोबाईलवर घेतलेला असून त्यात कॅमेरा कुठेही हललेला नाही, ही नोंदीच्या दृष्टीने मोठी सोय झाली. संपूर्ण प्रस्तुती लिहून काढण्याऐवजी तुझ्या अभ्यासक्रमाला लागणारे दोनच भाग घेतले आहेत. ०४:१२ ते ०४:२४ या वेळेतील तुकडा आणि ०७:३० पासूनची दोन आवर्तनांची गत, एवढेच या पानांवर आहे. ठेका तीनतालाचा असून सोळा मात्रांच्या एका आवर्तनाला सुमारे १२ सेकंद लागतात, म्हणजे लय मिनिटाला ८० मात्रांच्या आसपास आहे.

तालाच्या खुणा भातखंडे पद्धतीच्या आहेत : समेला ×, खालीला ०, टाळ्यांना २ आणि ३. पलुस्कर पद्धतीत सम १ ने आणि खाली + ने दाखवतात. परीक्षेत दोन्ही विचारतात, म्हणून या पानावरचाच तुकडा दुसऱ्या पद्धतीने तू स्वतः लिहून काढावास. पायांसाठी ‘उ’ म्हणजे उजवा आणि ‘डा’ म्हणजे डावा. उजवे-डावे सर्वत्र नर्तकीचे आहे, पाहणाऱ्याचे नाही. व्हिडिओत तिचा उजवा हात पडद्याच्या डाव्या बाजूला दिसतो आणि पडद्यावर पाहून नक्कल केली की सगळे अंग उलटे बसते. पुढे ते सोडवताना फार वेळ जातो.

पावलांचा काळ मी चित्रावरून ठरवलेला नाही, घुंगरांच्या आवाजावरून ठरवला आहे. रंगमंचापासून १७ मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत आवाज पोचायला सेकंदाचा सुमारे विसावा भाग लागतो. ठाय लयीत तो जाणवतही नाही, पण या लयीच्या चौगुणीत एका पावलाला सेकंदाचा पाचवा भागही मिळत नसल्यामुळे चित्र पाहून लिहिलेले पाऊल तबल्याच्या अगोदर पडल्यासारखे वाटते आणि नर्तकीवर विनाकारण बेतालपणाचा आरोप होतो.

तुकड्याआधीचा तत्कार नेहमीचाच आहे :

बोल : ता थेई थेई तत् । आ थेई थेई तत्
पाय : उ डा उ डा । डा उ डा उ

यात लिहिण्यासारखे फारसे काही नाही. दुगुणीत गेल्यावरही तिचे खांदे हलत नाहीत आणि हात उत्पत्तीतच राहतात, एवढे मात्र पाहून ठेव.

तुकडा समेवरून उठतो :

× ता थेई तत् थेई
२ आ थेई तत् थेई
० तिगदा दिगदिग थेई तिगदा
३ दिगदिग थेई तिगदा दिगदिग
× थेई

तीन मात्रांचा बोल तीन वेळा, म्हणजे नऊ मात्रांची तिहाई खालीपासून सुरू होते आणि तिसरा ‘थेई’ नेमका समेवर येतो. पहिला ‘थेई’ अकराव्या मात्रेवर आणि दुसरा चौदाव्यावर पडतो. पढंत करताना हाताने ताल धरून या दोन मात्रा आधी पक्क्या कराव्यात, कारण दुसरा ‘थेई’ तिसऱ्या टाळीवर न येता तिच्या पुढच्या मात्रेवर येतो आणि तिथेच बहुतेकींचा हात टाळीकडे ओढला जातो.

पहिल्या चार मात्रांना पाय उ डा उ डा असे पडतात. उजवा हात उत्पत्तीतून उजव्या बाजूला खांद्याच्या उंचीवर जातो, तळवा पताक हस्तात आणि मनगट शेवटपर्यंत मोडलेले नाही. पुढच्या चार मात्रांना हेच डाव्या अंगाने, पाय डा उ डा उ. दोन्ही वेळा हात बोलाबरोबर निघत नाही. बोलाच्या किंचित आधी निघतो आणि ‘थेई’च्या आघाताला पोचून थांबतो. तिहाईत प्रत्येक ‘तिगदा दिगदिग’ला एक चक्कर आहे. चक्कर डाव्या अंगाने, डाव्या टाचेवर घेतलेली असून ‘थेई’ला उजवा पाय पडतो. पहिल्या दोन ‘थेई’ना हात छातीजवळ मिटतात. समेच्या ‘थेई’ला उजवा हात डोक्यावर आणि डावा बाजूला पसरलेला आहे, आणि ठोका पडल्यावर मान फक्त सुंदरीने हलते. ही मान तुकड्याचा भाग आहे असे मी धरलेले नाही. ती तिची स्वतःची सजावट आहे, म्हणून ती पेन्सिलीने लिहिली आहे.

गतीची नोंद वेगळ्या पद्धतीने करावी लागते, कारण तिथे बोल नाहीत, लहरा आणि ठेका आहे. पहिल्या आवर्तनात १ ते ४ या मात्रांवर डाव्या बाजूने पलटा आहे. ५ ते ८ वर ती प्रेक्षकांकडे तीन चतुर्थांश वळून उभी राहते, वजन डाव्या पायावर. ९ ते १२ वर उजवा हात कमरेपासून कपाळाच्या उजव्या बाजूला येतो आणि १३ ते १६ वर घुंघटाची कड धरून किंचित बाहेर सारतो. दुसऱ्या आवर्तनात तीच कड धरून उजव्या बाजूला आठ पावलांची चाल आहे, दर मात्रेला एक पाऊल, टाच आधी टेकलेली नाही. उरलेल्या आठ मात्रांत पलटा घेऊन ती मूळ जागी येते.

धरणारा हस्त कोणता, हा प्रश्न इतक्या लांबून सोपा नव्हता. हंसास्य आणि कपित्थ दोन्ही दुरून चिमटीसारखे दिसतात. हंसास्यात तर्जनी आणि अंगठा जुळून उरलेली तीन बोटे मोकळी पसरलेली असतात; कपित्थात ती तीन बोटे मुठीत मिटलेली आणि अंगठ्यावर तर्जनी वळलेली असते. ०७:४१ ला, पंधराव्या मात्रेवर, तिचा हात बाजूच्या दिव्याच्या प्रकाशात येतो आणि बोटांच्या तीन गाठी एका ओळीत स्पष्ट दिसतात. म्हणून कपित्थ लिहिला आहे. अभिनयदर्पणात कपित्थाच्या विनियोगात वस्त्राचे टोक धरणे आणि वस्त्राने आच्छादन करणे हे दोन्ही दिले आहेत, त्यामुळे तोंडी परीक्षेत कारण विचारले तर हेच सांगावे.

दृष्टीसाठी वेगळी ओळ ठेवली आहे. हात जिथे तिथे दृष्टी, हे तू पाठ केले आहेस. इथे मात्र ९ ते १२ या मात्रांवर हात वर चढत असताना दृष्टी अवलोकित, म्हणजे खाली आहे, आणि तेराव्या मात्रेवर कड बाजूला सरकल्यानंतरच ती साची होऊन डोळ्यांच्या कोपऱ्यातून उजवीकडे जाते. दृष्टी हाताबरोबर वर नेली तर लाजेचा भाव उरत नाही, नुसता पदर सावरल्यासारखे दिसते. भुवईची हालचाल या अंतरावरून दिसत नसल्यामुळे लिहिलेली नाही, आणि ती अंदाजाने भरू नये.

दुसऱ्या आवर्तनाच्या तेराव्या ते सोळाव्या मात्रांवर पुढच्या रांगेतील एका प्रेक्षकाच्या डोक्यामुळे डावा हात झाकला गेला आहे. तेवढ्या चार मात्रांसमोर ‘डावा हात दिसत नाही’ असेच लिहिले आहे. वर्गात तो हात प्रत्यक्ष दाखवीन, मग शाईने भरावा. तोपर्यंत रोजच्या सरावात तुकडा आधी पढंत, मग हात न घेता फक्त पाय आणि शेवटी हातांसह करावा, आणि गत लहऱ्यावर फक्त पहिल्या आवर्तनापर्यंत करावी.