हॉटस्पॉटच्या यादीत नसलेलं आमचं रान

धारणीकडच्या माणसाला जैवविविधतेचा हॉटस्पॉट विचारा, तो मेळघाटच म्हणेल. पण मेळघाट हॉटस्पॉट नाही. पर्यावरणतज्ज्ञ नॉर्मन मायर्स यांनी १९८८ साली ही कल्पना मांडली. पुढे तिच्या दोन अटी ठरल्या. जगात दुसरीकडे कुठेच न उगवणाऱ्या किमान १५०० संवहनी, म्हणजे पाणी-अन्न वाहणाऱ्या नळ्या असलेल्या, वनस्पती त्या प्रदेशात हव्यात, आणि तिथलं मूळ नैसर्गिक आच्छादन किमान ७० टक्के नष्ट झालेलं हवं. वाघ किती, याला तिथे गुण नाहीत. जगात असे ३६ प्रदेश आहेत. त्यांपैकी हिमालय, पश्चिम घाट-श्रीलंका, इंडो-बर्मा आणि निकोबारमुळे सुंदालँड या चारांत भारताचा वाटा आहे.

निधी आधी कुठे द्यायचा, हे ठरवायला ही यादी उपयोगी आहे. पण तीत नाव नाही म्हणून रान सोडून द्यायचं का? शंभरावर वर्षं कुणाला न दिसलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला, नंतर मेळघाटातही. तो जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. ढोलीचं झाड उभं ठेवणं, हेच त्याचं स्वस्थानी संवर्धन, म्हणजे जीव जिथे राहतो तिथेच त्याला राखणं.

व्याघ्र प्रकल्प, अभयारण्यं, देवराया हे सगळं स्वस्थानी. प्राणीसंग्रहालय, वनस्पती उद्यान, बीजपेढी, द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवलेल्या पेशी हे परस्थानी, म्हणजे मूळ घराबाहेर सांभाळणं. फरक नुसत्या जागेचा नाही. आमची आजी हुरड्याच्या ज्वारीची निवडक कणसं चुलीवरच्या आढ्याला टांगायची. धुरानं कीड लागत नसे. तेच बी बीजपेढीत उणे १८ अंशांवर कितीतरी वर्षं टिकेल. पण तिथे ते जसंच्या तसं थांबून राहतं. वावरात मात्र दरसाल खोडमाशी येते, पाऊस दडी मारतो, आणि त्यातून जे तगतं त्याचंच बी पुढच्या सालाला जातं. प्रजातीचं हे बदलणं चालू ठेवायची ताकद स्वस्थानी संवर्धनातच आहे, म्हणून मी त्याला पहिला मान देतो. रोग, वणवा, शिकार यांनी शेवटचे मोजके जीव उरले, की मात्र परस्थानी उपायाला पर्याय नसतो.

गिधाडांचं तसंच झालं. जनावरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मढ्यातून त्यांच्या पोटात गेलं आणि थवेच्या थवे संपले. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात पैदास झालेली गिधाडं २०२४च्या जानेवारीत ताडोबा आणि पेंचला आणली, आधी तिथल्या पिंजऱ्यात रुळू दिली. पिंजऱ्यात त्यांना तपासलेलं मांस मिळतं. बाहेर मिळणार ते आपल्या गावचं मेलेलं ढोर, आणि त्याला शेवटची सुई गिधाडांना न बाधणाऱ्या मेलॉक्सिकॅमची दिली की दुसऱ्या कशाची, हे ठरतं आपल्या गोठ्यात.