स्टोअर्स असिस्टंट – २ जागा, रबाळे एमआयडीसी, नवी मुंबई (सुधारित जाहिरात)

याच पदाची जाहिरात आम्ही गेल्या महिन्यात दिली होती. ती रद्द समजावी. तिच्यात ‘शारीरिकदृष्ट्या सुदृढ, २५ किलो वजन उचलता येणे, दिवसभर उभे राहण्याची तयारी, स्वतःची दुचाकी व लायसन्स, फोनवर स्पष्ट बोलणे आवश्यक, वय १८ ते २८’ अशा अटी होत्या. नंतर स्टोअरमध्ये आठवडाभर या पदाचं प्रत्येक काम लिहून काढलं, तेव्हा यातली एकही अट कामाला लागत नाही हे दिसलं. त्या ओळी वाचून ज्यांनी अर्ज केला नाही, त्यांची आम्ही माफी मागतो. त्यांनी आता जरूर अर्ज करावा. आधी अर्ज केलेल्यांचे अर्ज आमच्याकडे आहेत, त्यांना पुन्हा काही पाठवायला नको.

काम

आम्ही औद्योगिक पंपांचे सुटे भाग पुरवतो: बेअरिंग, सील, इम्पेलर, गॅस्केट. आलेला माल चलन आणि पर्चेस ऑर्डरशी ताडून पाहायचा, माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएन बनवायचा, एक्सेलमधला साठा त्याच दिवशी अद्ययावत करायचा, जाणाऱ्या मालाचं चलन आणि ई-वे बिल तयार करायचं. रोज ३० ते ४० चलनं होतात. महिन्याच्या शेवटी साठ्याची मोजणी असते.

यात खरी कसोटी बारकाईची आहे. 6205-ZZ आणि 6205-2RS ही दोन्ही बेअरिंग मापाने सारखीच, खोकीही जवळपास सारखी. पण पहिल्याला दोन्ही बाजूंनी पत्र्याचं झाकण असतं, दुसऱ्याला रबरी सील. नोंद करताना शेवटची अक्षरं चुकली की चुकीचा माल ग्राहकाकडे जातो, तो परत येतो, भाडं दोनदा पडतं आणि तोवर तिकडचा पंप बंद असतो. असा फरक ज्याच्या लक्षात राहतो, तो माणूस आम्हाला हवा आहे.

काढलेल्या अटींबद्दल

गाडी उतरवणं-चढवणं माथाडी कामगार करतात आणि आतली ने-आण पॅलेट ट्रकवर होते. असिस्टंटच्या टेबलावर येतं ते फार तर दोन किलोचं खोकं, तेही ट्रॉलीतून आणता येतं. २५ किलोची अट दुसऱ्याच पदाच्या जाहिरातीतून जशीच्या तशी उतरवली गेली होती.

नोंदणीचं काम बसूनच होतं. मोजणीच्या वेळी रॅकचे खालचे दोन कप्पे व्हीलचेअरवरून हाताला येतात. वरच्या कप्प्यांसाठी शिडी लागते, तिथे सहकारी चढून आकडा सांगतो आणि असिस्टंट नोंदवतो. ही मोजणी पूर्वीपासून दोघांनीच करायची असते, त्यामुळे कुणासाठी वेगळी व्यवस्था करावी लागत नाही.

दुचाकी बँकेच्या कामासाठी मागितली होती. ते काम आता ऑफिस बॉयकडे आहे. ट्रान्सपोर्टवाल्यांशी बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून होतं. फोन करावाच लागला तर डिस्पॅचचे सहकारी करतात. त्यामुळे ऐकू न येणाऱ्या किंवा बोलताना अडखळणाऱ्या व्यक्तीला हे काम पूर्ण करता येतं. गोदामात फोर्कलिफ्ट मागे येताना भोंग्यासोबत निळा दिवा जमिनीवर पडतो.

पूर्ण दृष्टिहीन उमेदवारांसाठी: संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर बसवून देऊ. बारकोड स्कॅनरने वाचलेला कोड थेट एक्सेलच्या खान्यात येतो आणि अक्षर-अक्षर ऐकता येतो. ज्या खोक्यांवर बारकोड नसतो, त्यांवर आवक विभाग आधी लेबल लावतो. कागदी चलनं मात्र सहकाऱ्याकडून वाचून घ्यावी लागतील. त्यासाठी सकाळी आणि दुपारी अर्धा-अर्धा तास ठरवून दिला आहे.

पात्रता

बारावी उत्तीर्ण, कोणतीही शाखा. एक्सेलमध्ये फिल्टर, बेरीज आणि व्हीलूकअप. मराठी किंवा हिंदी कामापुरती, इंग्रजी कोड वाचण्यापुरती. अनुभव असल्यास उत्तम, नसल्यास पहिले सहा आठवडे शिकवू. वय १८ पूर्ण असावं, वरची मर्यादा नाही. नोकरीत मोठा खंड पडला असेल तर त्याचं कारण विचारणार नाही.

जागा कशी आहे

इथे गोड बोलून उपयोग नाही, कारण पहिल्याच दिवशी पायऱ्या लागल्या तर माणूस परत जातो. मुख्य दाराला दोन पायऱ्या होत्या, मिळून ३० सेंमी. तिथे आता ३.६ मीटर लांबीचा, १ ला १२ उताराचा रॅम्प आहे, दोन्ही बाजूंना कठडा आहे. स्टोअरचं दार ९० सेंमी रुंद आहे. तळमजल्यावर आधाराच्या दांड्या असलेलं शौचालय आहे, त्याचं दार बाहेर उघडतं. हिशेब विभाग मात्र पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. तिथली माणसं खाली येतील, तुम्हाला वर जावं लागणार नाही. पावसाळ्यात गेटबाहेरच्या रस्त्यावर पाणी साचतं. त्या दिवशी घरून काम करण्याची मुभा आहे.

ट्रान्सहार्बर मार्गावरचं रबाळे स्टेशन सर्वांत जवळचं. तिथून कंपनीपर्यंत रिक्षा मिळते. चालणं कठीण असलेल्या कर्मचाऱ्याचं रिक्षाभाडं कंपनी भरते. वेळ सकाळी ९.३० ते ६. दिव्यांग डब्यात जागा मिळावी म्हणून गर्दी टाळायची असेल तर ८ ते ४.३० किंवा ११ ते ७.३० अशी वेळ घेता येईल. रविवारी सुट्टी.

पगार

दरमहा एकूण २२,५०० रुपये, पीएफ लागू. ईएसआयसीची पगारमर्यादा सर्वसाधारणपणे २१,००० आहे, दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी २५,०००. त्यामुळे दिव्यांग कर्मचाऱ्याला या पगारातही ईएसआयसीचं संरक्षण मिळेल. इतरांचा गटविमा कंपनी काढते. पगार सर्वांना सारखाच.

निवड

अर्ज येत्या ३० तारखेपर्यंत, ही जाहिरात ज्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवरून आली त्याच नंबरवर. लिहून पाठवा किंवा दोन मिनिटांचा आवाजी संदेश पाठवा, दोन्ही चालेल. नाव, शिक्षण आणि आजवर केलेलं काम एवढं पुरे. फोटो नको. यूडीआयडी कार्ड किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र अर्जासोबत मागत नाही. निवड झाल्यावर ईएसआयसी आणि आयकराच्या सवलतीसाठीच ते लागेल.

संगणकावर ६० मिनिटांची चाचणी होईल: ३० ओळींचं चलन ताडून चुका शोधायच्या. ज्यांना लागेल त्यांना २० मिनिटं जास्त. स्क्रीन रीडर, मोठा टाइप, लेखनिक, सांकेतिक भाषेचा दुभाषी, तळमजल्यावरच बसण्याची सोय, यातलं काय हवं ते अर्जातच कळवा. दुभाषी ठरवायला पाच दिवस लागतात, तेवढं आधी सांगा. खर्च कंपनीचा.

मुलाखतीत ‘हे कसं झालं’, ‘लग्न झालंय का’, ‘घरी कोण सांभाळतं’ असे प्रश्न विचारले जाणार नाहीत. ‘हे काम तुम्ही कशा पद्धतीने कराल आणि त्यासाठी काय लागेल’ एवढंच विचारू, आणि ते प्रत्येक उमेदवाराला विचारू. निवड न झाल्यास चाचणीत कुठे कमी पडलं ते लेखी कळवू.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नुसार आमचं समान संधी धोरण लेखी आहे, मागितल्यास त्याच नंबरवर मिळेल. ही जाहिरात पोस्टरच्या चित्रात न देता साध्या मजकुरात दिली आहे, कारण चित्रातली अक्षरं स्क्रीन रीडरला वाचता येतीलच असं नाही. पुढे पाठवताना कृपया मजकूरच पाठवा, स्क्रीनशॉट नको.