दंतचिकित्सालयासाठी गाळा भाड्याने घेण्याबाबत प्रस्ताव

दि. ८ जून २०२६

प्रति,
माननीय श्री. जोशी साहेब,
गाळा क्र. १०४, पहिला मजला, कोथरूड, पुणे.

विषय : अंतर्गत कामासाठी तीन महिने भाडेमाफी आणि टप्प्याटप्प्याने भाडेवाढ.

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपण स्वतः वेळ काढून गाळा दाखवलात, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. ८५० चौरस फूट चटई क्षेत्र, लिफ्ट आणि मागील बाजूची पाण्याची लाइन पाहता माझ्या दंतचिकित्सालयासाठी हीच जागा योग्य आहे, असे माझे मत झाले आहे. आपण दरमहा ६८,००० रुपये भाडे आणि दरवर्षी पाच टक्के वाढ सांगितली होती. त्याऐवजी वेगळी रचना सुचवत आहे. तीत आपले काय कमी होते, हेही स्पष्ट लिहिले आहे.

करार १ जुलै २०२६ पासून ६० महिन्यांचा असावा. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर हे तीन महिने भाडे नसावे. मात्र सोसायटीचा मेंटेनन्स आणि वीजबिल पहिल्या दिवसापासून मी भरीन. १ ऑक्टोबरपासून पहिले नऊ महिने ६०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ६८,०००, तिसऱ्या वर्षी ७४,०००, चौथ्या वर्षी ८०,००० आणि पाचव्या वर्षी ८६,००० रुपये दरमहा भाडे द्यावे, असा माझा प्रस्ताव आहे.

तीन महिने का लागतात, हे सांगणे आवश्यक वाटते, कारण दुकानाचे किंवा ऑफिसचे काम महिन्याभरात उरकते आणि दवाखान्याचेही तसेच होईल असा समज असतो. डेंटल चेअरला पाणी, सांडपाणी, दाबाची हवा आणि सक्शन अशा चार लाइनी जमिनीतून न्याव्या लागतात. त्यासाठी फरशी उचलून उतार काढावा लागतो आणि खालच्या गाळ्यात ओल जाऊ नये म्हणून वॉटरप्रूफिंग करून पाणी साठवून तपासावे लागते. कॉम्प्रेसर आणि एक्स-रे यंत्रासाठी महावितरणकडून वीजभार वाढवून घ्यावा लागेल. एक्स-रेच्या खोलीची भिंत पुरेशा जाडीची बांधून अणुऊर्जा नियामक मंडळाकडे यंत्राची नोंदणी करावी लागते, आणि जैववैद्यकीय कचऱ्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. यांतील बरीच कामे एकामागून एकच होतात. माझ्या पहिल्या दवाखान्याच्या वेळी ताबा मिळाल्या दिवसापासून भाडे सुरू झाले होते आणि सोसायटीने ड्रिलिंगला परवानगी देण्यात सात आठवडे घेतले. एकही रुग्ण न तपासता मी ते भाडे भरले. ती चूक मला पुन्हा करायची नाही.

काम लवकर संपले तर पहिला रुग्ण तपासल्या दिवसापासून भाडे सुरू करावे, हे मला मान्य आहे. सोसायटीच्या किंवा महावितरणच्या परवानगीमुळेच विलंब झाला, तर मात्र माफीची मुदत जास्तीत जास्त ३० दिवस वाढावी, अशी विनंती आहे.

आता हिशेब. आपल्या मूळ अटींनुसार पाच वर्षांत सुमारे ४५,०९,००० रुपये भाडे मिळाले असते. माझ्या प्रस्तावात ४२,३६,००० मिळतील, म्हणजे सुमारे २,७३,००० कमी. गाळा गेल्या दिवाळीपासून बंद आहे, असे आपणच सांगितलेत. तो आणखी चार महिने रिकामा राहिला, तर जवळपास एवढीच रक्कम जाईल आणि मेंटेनन्स आपल्याच खिशातून भरावा लागेल. शिवाय पाचव्या वर्षीचे माझे भाडे आपल्या हिशेबातील सुमारे ८२,६५० रुपयांपेक्षा जास्त असल्याने पुढच्या कराराची बोलणी वरच्या आकड्यापासून सुरू होतील.

बदल्यात ३६ महिन्यांचा लॉक-इन मी स्वीकारते, म्हणजे त्याआधी गाळा सोडला तर उरलेल्या महिन्यांचे भाडे माझ्यावर राहील. आपण सांगितलेल्या ६८,००० रुपयांच्या दराने सहा महिन्यांच्या भाड्याइतकी, म्हणजे ४,०८,००० रुपये, बिनव्याजी अनामत ताब्याआधी देईन. या जागेत माझे सुमारे २२ लाख रुपये गुंतणार आहेत. त्यांपैकी फरशी, नळकाम, वायरिंग आणि भिंती यांवरील सुमारे ७ लाखांचे काम सोडून जाताना काढून नेता येणार नाही आणि ते मोबदला न मागता आपल्याकडेच राहील. एवढी गुंतवणूक करणाऱ्या भाडेकरूला दोन वर्षांत जागा सोडावी लागली, तर तो उभा राहू शकत नाही. म्हणून सलग दोन महिन्यांचे भाडे थकल्याखेरीज आपणही ६० महिन्यांत करार संपवू नये, ही माझी सर्वांत महत्त्वाची अट आहे.

लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच असावा आणि भाडेमाफीचे महिने व प्रत्येक वर्षाचे भाडे त्यात आकड्यांत लिहिलेले असावे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च मी करीन. आपली जीएसटी नोंदणी असल्यास तो कर भाड्यावर वेगळा देईन, आणि नियमानुसार टीडीएस लागू होत असल्यास तो कापून त्याचे प्रमाणपत्र आपल्याला देईन.

आकड्यांत थोडा फरक सुचवायचा असल्यास जरूर सांगावे. तीन महिन्यांची माफी आणि ६० महिन्यांची खात्री या दोन गोष्टी मात्र कायम ठेवाव्यात, ही विनंती. २० जूनपर्यंत आपला होकार मिळाल्यास मसुदा तयार करून १ जुलैला ताबा घेता येईल. आपण म्हणाल त्या संध्याकाळी सातनंतर भेटायला येईन.

आपली विश्वासू,
डॉ. मेधा कुलकर्णी
दंतशल्यचिकित्सक, पुणे