आत जागा आहे

(माइक स्टँडवरून काढतो. स्टँड बाजूला ठेवायला जागा शोधतो, मग स्वतःच एका पायावर उभा राहतो.)

सॉरी हं. सवय. बारा वर्षं रोज गर्दीच्या ट्रेनने ऑफिसला जातोय. इतकं मोकळं स्टेज मिळालं की दुसरा पाय कुठे ठेवायचा तेच कळत नाही.

ट्रेनने कोण कोण जातं इथे? (हात वर झाल्यावर) बघा, लगेच हात वर केले. मजा येते ना? ट्रेनमध्ये एकदा वर गेलेला हात स्टेशन येईपर्यंत खाली येत नाही.

ट्रेनमध्ये माणूस किती पटकन बदलतो बघा. फलाटावर उभा असतो तेव्हा तो समाजसुधारक असतो. "अहो सरका, सगळ्यांनाच जायचंय!" आणि पाय आत पडला की तोच सीमेवरचा जवान. मी परवा "आत जागा..." एवढं ओरडलो आणि त्याच क्षणी आत शिरलो. तर वाक्य "...नाही!" असं संपवलं. एकाच श्वासात दोन पक्ष.

(पाणी पितो.)

जपानमध्ये गर्दीचं अधिकृत माप आहे. खोटं नाही, तिथल्या सरकारचं. 100 टक्के म्हणजे बसायला जागा, नाहीतर धरायला कडी. 150 टक्के म्हणजे पेपर उघडून वाचता येतो. 180 टक्क्यांना पेपरची घडी घालावी लागते. आणि 200 टक्के म्हणजे अंगाला अंग लागतं, "परंतु साप्ताहिक कसंबसं वाचता येतं."

कोण आहे हा माणूस? बरगडी मोडत आलीये आणि हा म्हणतोय, थांबा, राशिभविष्य राहिलंय!

250 टक्क्यांना काय, तर हातसुद्धा हलवता येत नाही. बस, तिथे माप संपतं. मी रोज तिथून पुढे सुरू होतो.

आणि हात हलत नाही म्हटलं की काय होतं? (थांबतो) बरोबर. नाक खाजतं.

घरी कधी खाजतं का? नाही. नाकाला कळतं. ते बघतं, उजवा हात दांड्यावर, डावा हात कुणाच्या तरी काखेत. हं, आता. परवा मी अक्षरशः पाच मिनिटं लढून एक हात सोडवला. वर आणला. खाजवलं. मनसोक्त खाजवलं. पण बरं काही वाटेना. खाली बघतो तर नाक दुसऱ्याचं.

आणि तो म्हणतो, "जरा वर."

(थांबतो.)

बरं, बॅगवाला. पाठीवर बॅग लावून उभा राहणारा. त्याला वाटतं आपण शर्टापाशी संपतो. त्याला माहीतच नाही की मागे त्याची एक अख्खी खोली आहे आणि त्या खोलीत मी राहतो. तो डावीकडे कोण आलं बघायला वळतो, उजवीकडचे तिघे आडवे. ते भांडतात म्हणून तो उजवीकडे बघतो, डावीकडचे तिघे आडवे. आणि तो म्हणतो, "काय झालं?"

एकदा पाऊण तास माझं कपाळ त्या बॅगेवर दाबलेलं होतं. ऑफिसात पोचलो तर सगळे माझ्याकडे टक लावून बघतायत. कपाळावर उलट्या अक्षरांत उमटलं होतं: "वॉटरप्रूफ".

आमचे बॉस म्हणाले, "वॉटरप्रूफ आहात, आता वेळेवर पण या." बॉस कारने येतात. म्हणजे, ते तसं सांगतात. रोज सकाळी, "मी एवढ्या ट्रॅफिकमधून वेळेवर येतो, तुम्हाला तर रूळ आहेत!"

रूळ आहेत हो. ट्रेन नाहीये.

पुन्हा जपान. त्यांचं ऐकून मला रडू येतं. 2017 साली तिथे एक ट्रेन 20 सेकंद लवकर सुटली. वीस सेकंद! कंपनीने जाहीर माफी मागितली. आणि ट्रेन उशिरा आली तर तिथे प्रवाशांना छापील दाखला मिळतो, ऑफिसात दाखवायला. ट्रेन उशिरा होती, या माणसाची चूक नाही. मला हा दाखला मिळाला असता तर आज माझी सगळ्यात जाड फाइल तीच असती.

(आवाज खाली आणतो.)

आता एक खरी गोष्ट सांगतो. माझ्या डब्यात रोज एक मुलगा असतो. नाव माहीत नाही. पण त्याचा फोन माझ्या डोळ्यांपासून चार इंचांवर असतो. मी वाचत नाही! 250 टक्क्यांना मान वळत नाही, मी काय करू?

तो रोज एकाच नंबरवर मेसेज करतो. नंबर सेव्ह केलाय "प्लंबर 2" म्हणून. पहिल्या दिवशी प्लंबरचा मेसेज आला, "जेवलास का?" म्हटलं, चांगला आहे प्लंबर. दुसऱ्या दिवशी, "काल झोप नाही आली." म्हटलं, गळती मोठी दिसतेय. तिसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, "तुझ्याशिवाय करमत नाही." तेव्हा मला कळलं, विषय नळाचा नाही.

सहा महिने मी ही मालिका बघतोय. भांडण बघितलं. प्लंबरने चार दिवस ब्लॉक केलं होतं, माझं कामात लक्ष नव्हतं. बायको विचारते, "काय झालं?" काय सांगू? प्लंबर बोलत नाहीये!

आणि गेल्या सोमवारी त्याने टाइप केलं, "लग्न करशील माझ्याशी" पुसलं. पुन्हा टाइप केलं. पुसलं. माझ्या बाजूचे काका पुटपुटले, "पाठव रे." म्हणजे काकाही बघतायत! मागून एक बाई म्हणाल्या, "प्रश्नचिन्ह राहिलं."

त्याने पाठवलं. दोन निळ्या खुणा. "टायपिंग..."

आणि माझं स्टेशन आलं.

(लांब विराम.)

दार उघडलं. मी उतरलो नाही. काका उतरले नाहीत. कुणीच उतरलं नाही! बाहेरचे ओरडतायत, "अरे आत जागा आहे, सरका!" आम्ही सगळे एका सुरात, "शूऽऽऽ!"

ट्रेन सुटली. आणि मेसेज आला. "हो."

अख्खा डबा ओरडला! माझ्या डोळ्यांत पाणी. दोन्ही हात अडकलेले. कुणीतरी माझे डोळे पुसले. कोण होतं माहीत नाही. मी फक्त म्हणालो, "जरा वर."

दोन स्टेशनं पुढे जाऊन परत आलो. ऑफिसला चाळीस मिनिटं उशीर. केबिनमध्ये बॉस. मी कपाळ पुसलं, म्हटलं, "सर, आज माझ्याकडे दाखला नाहीये..."

बॉस उठले. दार लावलं. जवळ आले. आणि मला दिसलं, त्यांच्या कपाळावर, उलट्या अक्षरांत...

(कपाळाकडे बोट नेतो, वाचतो.)

"वॉटर... प्रूफ."

मी म्हटलं, "सर, कार?"

ते हळूच म्हणाले, "ते सोड. माझ्यापुढे तो बॅगवाला होता, काही दिसलं नाही. डबा का ओरडला? प्लंबर हो म्हणाला का?"

(माइक स्टँडवर ठेवतो. दिवे.)