निकाल कसा वाचावा आणि त्याचे टिपण कसे करावे : पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास पत्र

दिनांक १८ ऑगस्ट २०२४

प्रिय अनिकेत,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेल्या चारही टिपणांच्या प्रती मी नीट वाचल्या. अक्षर सुंदर आहे आणि मेहनतही दिसते. पण लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त या अवघ्या काही पानांच्या निकालावर तुझे टिपण निकालाच्या जवळपास जाईल एवढे लांब झाले आहे. त्यातला बराचसा भाग शब्दशः उतरवलेला आहे, हेही वाचताना कळते. परीक्षेच्या आदल्या रात्री तुला ते टिपण नव्हे, तर टिपणाचे टिपण करावे लागेल. म्हणून फोनवर तुटक बोलण्यापेक्षा सविस्तर लिहावे असे वाटले.

निकाल वाचायला घेताना आपण पहिल्या परिच्छेदापासून सुरुवात करतो आणि तिथेच अडकतो, कारण भारतीय निकालांचे पहिले परिच्छेद बहुधा खालच्या न्यायालयांतील घडामोडींनी भरलेले असतात. त्याऐवजी आधी शेवटचा आदेश वाच : अपील मंजूर झाले की फेटाळले गेले, आणि कोणाला नेमके काय मिळाले. त्यानंतर मागे येऊन कोण कोणाविरुद्ध कशासाठी न्यायालयात गेले होते ते पाहा. एवढे कळले की मधली सगळी पाने 'या तथ्यांपासून त्या आदेशापर्यंत न्यायालय कोणत्या कारणाने पोहोचले' या एकाच प्रश्नासाठी वाचायची असतात. तो प्रश्न हातात नसेल तर प्रत्येक ओळ सारखीच महत्त्वाची वाटते आणि मग तुझ्यासारखे सगळेच उतरवून घ्यावेसे वाटते.

नावांचा एक गोंधळ तुझ्या दोन टिपणांत दिसला. मूळ दाव्यातला प्रतिवादी अपिलात अपीलकर्ता होऊ शकतो आणि त्याचे नाव शीर्षकात पुढे येते. म्हणून टिपणात पक्षकारांना 'अपीलकर्ता' आणि 'प्रतिसादी' म्हणण्यापेक्षा 'विक्रेता', 'खरेदीदार', 'मालक', 'नोकर' अशी त्यांच्या व्यवहारातली ओळख द्यावी. त्यामुळे प्रकरण चार न्यायालयांतून फिरले तरी गफलत होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तुझ्या एका टिपणात वकिलांचा युक्तिवाद न्यायालयाचे मत म्हणून आला आहे. आपल्याकडचे न्यायाधीश दोन्ही बाजूंचे म्हणणे आधी विस्ताराने मांडतात, कधी त्यात पूर्वीच्या निकालांतील लांब उतारे देतात, आणि बऱ्याच पानांनंतर 'हे म्हणणे मान्य करता येत नाही' अशा अर्थाचे एखादे वाक्य लिहितात. ते वाक्य निसटले की संपूर्ण टिपण उलटे होते. वाचताना समासात पेन्सिलने 'वा', 'प्र' किंवा 'न्या' एवढे एक अक्षर लिहीत जा, म्हणजे बोलतो आहे तो वादी, प्रतिवादी की न्यायालय, हे नंतर एका नजरेत दिसते. निकालाच्या सुरुवातीला छापलेल्या सारांशाबद्दल, म्हणजे हेडनोटबद्दलही सांगून ठेवते. ती संपादकांनी तयार केलेली असते, निकालाचा भाग नसते. निकाल शोधण्यासाठी ती उपयोगी आहे, पण तिच्यातले वाक्य न्यायालयाचे म्हणून उद्धृत करू नये. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकाल ई-एससीआर या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्यामुळे मूळ मजकूर मिळत नव्हता ही सबब उरत नाही.

आता रेशोकडे येते, कारण टिपणाचा जीव त्यातच असतो. निकालात सांगितलेले कायद्याचे प्रत्येक विधान रेशो नसते. समोरचा वादप्रश्न सोडवण्यासाठी ज्या कारणावाचून चालले नसते ते कारण म्हणजे रेशो, आणि ओघात केलेली बाकीची विधाने ऑबिटर. संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो, त्यामुळे त्यातले नेमके काय बंधनकारक आहे हे ओळखणे हा केवळ परीक्षेपुरता प्रश्न नाही. ओळखण्याची एक साधी कसोटी आहे : एकेक तथ्य बदलून पाहायचे आणि आदेश बदलला असता का, असे विचारायचे. बदलला असता तर ते तथ्य टिपणात हवे. नसता, तर ते कितीही रंजक असले तरी गाळावे.

लालमन शुक्लाच्या निकालावर हीच कसोटी लावून पाहा. मालकाचा पुतण्या घरातून निघून गेला, त्याला शोधायला नोकराला पाठवले, नोकर निघाल्यानंतर बक्षिसाची पत्रके निघाली, नोकराने मुलगा शोधला आणि पुढे बक्षिसासाठी दावा केला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९१३ मध्ये तो फेटाळला. तू बक्षिसाची ५०१ रुपये ही रक्कम ठळक करून लिहिली आहेस. ती पाच हजार असती तरी निकाल तोच लागला असता. उलट, तो नोकर होता आणि मुलाला शोधणे हे त्या वेळी त्याच्यावर आधीच सोपवलेले काम होते, ही गोष्ट तुझ्या टिपणात तथ्यांमध्ये आहे पण कारणांमध्ये नाही. बहुतेक वर्गांत हा निकाल 'प्रस्तावाची माहिती नसेल तर स्वीकृती नाही' या एका वाक्यात शिकवला जातो. मूळ निकाल वाचलास तर नोकरीतील कर्तव्याचा आधारही त्यात स्पष्ट दिसेल. एखाद्या निकालाला दोन आधार असतील तर टिपणात दोन्ही यायला हवेत, कारण मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या न्यायालयात, समोरचा विद्यार्थी नेमका तू सोडलेला आधार पकडून तुझा निकाल वेगळा काढून दाखवील.

मी कसे टिपण करते ते दाखवण्यासाठी भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल पुरुषोत्तमदास, एआयआर १९६६ एससी ५४३, या निकालाचे माझे टिपण खाली उतरवते. संक्षेप सुटे करून लिहिले आहेत, एवढाच बदल.

'तथ्ये : अहमदाबादच्या खरेदीदाराने खामगावच्या विक्रेत्याला फोनवरून सरकी पेंडीच्या खरेदीचा प्रस्ताव दिला. विक्रेत्याने खामगावहून फोनवरच तो स्वीकारला. माल दिला नाही म्हणून अहमदाबादला दावा. विक्रेत्याचा आक्षेप : करार खामगावला झाला, अहमदाबादच्या न्यायालयाला अधिकारिता नाही. खालची न्यायालये : आक्षेप अमान्य. वादप्रश्न : फोनवरील करार स्वीकृती जिथे उच्चारली तिथे होतो, की जिथे ऐकली तिथे? निर्णय : जिथे ऐकली तिथे, अहमदाबादला अधिकारिता आहे, अपील फेटाळले, बहुमत दोन विरुद्ध एक. कारण : स्वीकृती प्रस्तावकाला कळली पाहिजे हा सर्वसाधारण नियम, टपाल आणि तार हा सोयीसाठी केलेला अपवाद, फोनवर पक्षकार एका अर्थी एकमेकांसमोरच असतात, म्हणून अपवाद लागू नाही. न्या. हिदायतुल्ला यांचे भिन्नमत : करार कायद्याच्या कलम ४ ची भाषा फोनलाही लागू पडते, स्वीकारणाऱ्याच्या हातून शब्द सुटले की प्रस्तावकाविरुद्ध स्वीकृती पूर्ण, म्हणून करार खामगावला. माझा प्रश्न : ई-मेल फोनसारखा की टपालासारखा?'

यात दाव्याची रक्कम नाही, तारखा नाहीत, वकिलांची नावे नाहीत. भिन्नमत मात्र आहे, आणि ते मुद्दाम ठेवले आहे, कारण बहुमताने कलम ४ च्या शब्दांपेक्षा सर्वसाधारण नियमाला का महत्त्व दिले, हे भिन्नमत वाचल्याशिवाय मला कळलेच नव्हते. शिवाय भिन्नमताला पुढे दिवस येतात. आणीबाणीतल्या स्थानबद्धांच्या एडीएम जबलपूर प्रकरणात १९७६ साली न्या. एच. आर. खन्ना एकटे वेगळ्या बाजूला होते, आणि २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने त्या बहुमताचा निकाल रद्दबातल ठरवला. यावरून टिपणातली आणखी एक जागा आठवते : वरच्या कोपऱ्यात पीठाची संख्या आणि निकालाची आजची स्थिती लिहीत जा. तो अजून लागू आहे का, मोठ्या पीठाने बदलला का, संसदेने कायदा दुरुस्त करून त्याचा परिणाम काढून टाकला का, हे न पाहता केलेले टिपण कितीही चांगले असले तरी धोक्याचे असते.

शेवटची 'माझा प्रश्न' ही ओळ कोणत्याही ठरीव नमुन्यात सापडणार नाही. मला तीच सर्वांत उपयोगी वाटते. ती सुचली नाही तर निकाल अजून कळलेला नाही असे समजून मी कारणांचा भाग पुन्हा वाचते. टिपण लिहिताना मात्र निकाल बंद करून ठेवायचा आणि आठवेल ते आपल्या शब्दांत लिहायचे. मग निकाल उघडून चुका सुधारायच्या आणि प्रत्येक कारणापुढे परिच्छेद क्रमांक टाकायचा. जुन्या निकालांत परिच्छेदांना क्रमांक नसतील तर पान क्रमांक चालेल. शब्दशः उतारा एखादाच घ्यावा, आणि तोही जिथे न्यायालयाची नेमकी शब्दरचना पुढच्या निकालांनी आधार म्हणून वापरली आहे तिथेच. रंगीत पेनांबद्दल तू विचारले आहेस. तुला आवडत असतील तर वापर, त्याने फारसे काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही.

केशवानंद भारतीचा निकाल आत्ताच हाती घेऊ नकोस. तेरा न्यायाधीश, अकरा स्वतंत्र निकालपत्रे आणि सात विरुद्ध सहा असे बहुमत, अशा निकालाचे टिपण वेगळ्या पद्धतीने करावे लागते. आधी प्रत्येक वादप्रश्न घेऊन कोणता न्यायाधीश कोणत्या बाजूला होता याचा तक्ता करायचा, आणि बहुमत कशाकशावर जुळते ते त्यातून शोधायचे. संविधानाचा विषय सुरू झाला की आपण दोघे बसून तो तक्ता करू. तोपर्यंत करार आणि अपकृत्य कायद्यातले छोटे निकाल पुरेसे आहेत.

पुढच्या आठवड्यासाठी मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, प्रिव्ही कौन्सिल, १९०३, हा निकाल घे. 'अल्पवयीनाचा करार मुळातच शून्य' एवढेच लिहून थांबू नकोस. कर्ज देणाऱ्याच्या मुखत्याराला कर्जदाराचे वय माहीत होते, या तथ्याचा विबंधाच्या, म्हणजे आधी सांगितलेले नंतर नाकारता येते का या मुद्द्यावर काय परिणाम झाला आणि कर्जाची रक्कम परत का मिळाली नाही, या दोन्हींची उत्तरे टिपणात असू देत. सगळे एका पानावर बसव आणि शनिवारी ग्रंथालय बंद होण्यापूर्वी माझ्याकडे आणून दे. लालमन शुक्लाचे टिपण पुन्हा लिहिलेस तर तेही सोबत आण, दोन्ही एकदमच तपासते.

तुझी,
मृण्मयीताई
अंतिम वर्ष, विधी